घुंगरू कुठं गेले? हुपरीच्या एका कॅटलॉगची गोष्ट: फाईल चॅटवर टाकावी की ड्राइव्हची लिंक द्यावी

हुपरीतला एक चांदीचा कारखाना आहे. पैंजण, साखळ्या, वाळे, जोडवी असा माल बनवून घाऊक व्यापाऱ्यांना देणारा. लग्नसराईच्या आधी छापील कॅटलॉग काढायचा, असं मालकांनी ठरवलं: ए-फोर आकाराची ४८ पानं, काही पानांवर एकच मोठा फोटो आणि बाकीच्या पानांवर चार-चार लहान. फोटो कोल्हापुरातल्या एका छायाचित्रकारानं काढले, पानांची मांडणी राजारामपुरीत माझ्याकडे होती आणि छपाई शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये व्हायची होती. कारखान्याच्या बाजूनं मोबाईल, मेल, बँक हे सगळं मालकांचा पुतण्या बघतो. म्हणजे एका फोटोला कॅमेऱ्यातून निघून कागदावर उतरेपर्यंत चार हातांतून जायचं होतं. या चार हातांमध्ये फाईल कशी फिरली, कुठं अडली आणि शेवटी काय ठरलं, ते इथं सविस्तर लिहितो. अशीच कामं करणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न रोज पडतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर सवयीनं दिलं जातं, विचार करून नाही.

आधी सामान किती होतं ते बघू. १६० फोटो, प्रत्येक ४००० बाय ६००० पिक्सेलचा, सरासरी १२ एमबीचा. सगळे मिळून १.९ जीबी. त्याशिवाय कारखान्यात माल कसा घडतो हे दाखवणारी तीन मिनिटांची फोर-के फिल्म, ती १.१ जीबीची. फोटोंना नावं देण्याचं काम पुतण्यानं छायाचित्रकाराजवळ बसून फार नेटकेपणानं केलं होतं. उदाहरणार्थ `P-0417_22g.jpg`. P म्हणजे पैंजण, पुढं डिझाईनचा नंबर, शेवटी वजन. कॅटलॉगमध्ये प्रत्येक फोटोखाली हाच नंबर आणि हेच वजन छापायचं होतं, त्यामुळं फाईलचं नाव हाच आमच्या सगळ्या कामाचा धागा होता.

पुतण्यानं पेनड्राइव्हवरून फोटो फोनमध्ये घेतले आणि कॅटलॉगसाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गॅलरीतून टाकले. ग्रुपमध्ये नऊ जण होते: मालक, पुतण्या, दोन कारागीर, हिशेबनीस, छायाचित्रकार, मी आणि प्रेसचे दोघं. फोटो माझ्याकडे आले तेव्हा फोनमध्ये त्यांची नावं `IMG-` नं सुरू होणारी, मग तारीख, मग `-WA0031` अशी झाली होती. ज्या फाईलच्या नावात हे WA दिसतं, ती चॅटमधून फोटो म्हणून आलेली असते, हे मांडणीचं काम करणारा कुणीही एका नजरेत ओळखतो. मी लगेच मूळ फाईल मागितल्या. पुतण्याचा निरोप आला, "दादा, पाठवलंय की सगळं. हाय तसंच टाकलंय." त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. त्यानं फोटोला हातही लावला नव्हता, जे केलं ते अ‍ॅपनं केलं होतं.

मालकांना पानांची ठेवण बघायची घाई होती, म्हणून आहे त्याच फोटोंवर दोन पानांचं प्रूफ प्रेसमधून काढलं. एक मोठ्या फोटोचं पान, एक चार फोटोंचं. मालकांनी मोठं पान हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "कॅमेऱ्यावर एकेक घुंगरू मोजून घ्यावं असं दिसत हुतं. हितं घुंगरू गेले कुठं?" त्यांचं बरोबर होतं. पैंजणाच्या कडेला घुंगरांची रांग होती तिथं नुसते पांढरट ठिपके राहिले होते, आणि दोन घुंगरांमधली काळी फट, जिच्यामुळं घुंगरू गोल दिसतो, ती पुसली गेली होती.

हे का झालं, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पहिली गोष्ट पिक्सेलची. चॅटमध्ये फोटो साध्या दर्जात पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते. आमचा ४००० बाय ६००० चा फोटो १०६७ बाय १६०० झाला. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ८.२७ इंच. चांगल्या छपाईला इंचामागं ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे पानभर फोटोला रुंदीत सुमारे २४८० पिक्सेल लागतात. मूळ फोटोत ४००० होते, इंचामागं ४८० च्या वर. चॅटमधून आलेल्यात १०६७, इंचामागं १३० सुद्धा नाहीत. मोठ्या पानाचा प्रश्न इथंच संपतो.

पण चार फोटोंच्या पानावर प्रत्येक फोटो फक्त ९ सेंटिमीटर रुंद होता, म्हणजे साडेतीन इंच. १०६७ ला ३.५ नं भागलं तर ३०० च्या थोडं वरच उत्तर येतं. प्रेसमधल्या पोरानं हाच हिशेब करून सांगितलं, "लहान फोटो चालतील, तीनशे बसतंय." हिशेब चूक नव्हता, तरीही ते लहान फोटो चालणारे नव्हते, आणि याचं कारण दुसऱ्या गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट दाबण्याची. जेपीईजी फोटो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून साठवला जातो. प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार किती भराभर बदलतो हे मोजलं जातं, आणि फाईल लहान करायची असेल तर सगळ्यांत बारीक बदल आधी टाकून दिले जातात. चेहरा, आकाश, भिंत यांत एवढे बारीक बदल नसतातच, म्हणून त्या फोटोंना फारसं काही होत नाही. चांदीच्या पैंजणात मात्र नेमकं तेच असतं: लखलखीत पांढरा ठिपका, त्याच्या शेजारी काळी फट, पुन्हा पांढरा. टाकून द्यायच्या यादीत हे सगळ्यांत वर. १२ एमबीचा फोटो जेव्हा अडीचशे केबीचा होतो तेव्हा कारागिराची करामतच आधी जाते. पोरानं मोजले ते पिक्सेल होते, त्या पिक्सेलमध्ये तपशील किती उरलाय हे आकड्यात दिसत नाही. ते बघायचं असेल तर फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडावा आणि कडा बघाव्यात. लहान चौकोनांची जाळी दिसली, किंवा चकाकणाऱ्या कडेभोवती मळकट धूसर लाट दिसली, की फोटो दाबला गेलाय. आमच्या लहान फोटोंमध्ये दोन्ही होतं. साध्या गोल कड्यांच्या साखळ्यांचे फोटो मात्र बरे दिसत होते, आणि म्हणूनच सुरुवातीला कुणाला शंका आली नव्हती. पुतण्यानं फोनवर जे पाच-सहा फोटो तपासून बघितले ते नेमके साखळ्यांचे होते.

प्रेसमधून एक उपाय सुचवला गेला: फोटोशॉपमध्ये पिक्सेल वाढवून घेऊ. मी नको म्हटलं, आणि अशा वेळी नेहमीच नको म्हणावं असं माझं मत आहे. वाढवलेल्या फोटोत आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजानं नवे पिक्सेल भरले जातात. आकडा ३०० दाखवेल, घुंगरू परत येणार नाहीत. व्यापारी ज्या नक्षीवरून ऑर्डर देणार ती नक्षी अंदाजानं रंगवणं हे त्या मालाशी बरोबर नाही.

पुतण्याचं पुढचं म्हणणं होतं की एचडी करून टाकतो. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो पाठवताना वर एचडी निवडता येतं, आणि सेटिंगमध्ये कायमचंही ठेवता येतं. त्यात पिक्सेल बरेच जास्त राहतात, घरच्या फोटोंना ते उत्तम आहे. पण फाईल पुन्हा दाबली जातेच, आणि नाव बदलतंच. १६० फोटोंपैकी कुठला 0417 आणि कुठला 0471, हे पैंजणाकडं बघून ठरवत बसायचं, तेही एकमेकांसारख्या दिसणाऱ्या डिझाईनमध्ये, ही छपाईतली मोठी चूक ओढवून घेण्याची तयारी होती. चुकीच्या फोटोखाली चुकीचं वजन छापलं गेलं तर व्यापारी त्याच वजनाचा माल मागणार. दर्जाबद्दल बोलताना सगळे पिक्सेलबद्दल बोलतात, नाव हरवण्याबद्दल फार कमी जण बोलतात. या कामात नाव हरवणं पिक्सेल हरवण्याइतकंच महाग पडलं असतं.

मग प्रश्न आला, चॅटमधूनच डॉक्युमेंट म्हणून का पाठवू नये? हा रास्त प्रश्न आहे. जोडणीच्या खुणेवर दाबून गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडलं की फाईल जशी आहे तशी जाते, नावासकट. एका फाईलला मर्यादा २ जीबी, २०२२ पासून. प्रेसच्या मालकांचा यावर विश्वास बसेना. "चॅट म्हटलं की दाबणारच," असं ते म्हणत होते. त्यांच्यासमोर एकच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवून घेतला आणि पेनड्राइव्हवरची मूळ फाईल व आलेली फाईल, दोन्हींवर विंडोजमध्ये ही आज्ञा चालवली:

```
certutil -hashfile P-0417_22g.jpg SHA256
```

ही आज्ञा फाईलच्या मजकुरावरून अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ काढून देते. फाईलमधला एक बाइट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. दोन्हीकडून एकच ओळ आली. म्हणजे फाईल तीच, तिळभर फरक नाही. ज्याला एवढं करायचं नाही त्यानं निदान फाईलचा आकार बाइटमध्ये जुळतो का ते बघावं.

दर्जाच्या बाजूनं मग चॅटचं डॉक्युमेंट आणि ड्राइव्हची लिंक सारखीच. इथून पुढचा निर्णय दर्जाचा नव्हता, जागेचा होता. आणि जागेच्या बाबतीत दोन्ही वाटा अगदी वेगळ्या चालतात.

पुतण्यानं १६० फोटोंची एक झिप केली. ती १.९ जीबीचीच राहिली, कारण जेपीईजी आधीच दाबलेली असते, झिपमध्ये ती आणखी लहान होत नाही. झिपचा उपयोग फक्त एवढाच की सगळं एका गठ्ठ्यात जातं. २ जीबीच्या आत बसत होती, पाठवताही आली असती. मी थांबवलं ते ग्रुपमुळं. नऊ जणांच्या ग्रुपवर १.९ जीबीची फाईल टाकली, आणि ज्यांच्या फोनमध्ये वायफायवर सगळं आपोआप उतरवून घ्यायची सोय चालू आहे, आणि ती मुळात चालूच असते, त्यांच्या फोनमध्ये ती न विचारता उतरणार. नऊही फोनमध्ये उतरली तर एकूण १७ जीबी. काम फक्त दोघांचं: माझं आणि प्रेसचं. कारागिरांचे फोन आधीच भरलेले. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये जागा कमी म्हणून कॅमेरा चालेनासा झालेला मी बघितला होता. शिवाय अँड्रॉइडवर पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही एक जादा प्रत तयार होते, व्हॉट्सअ‍ॅपच्या डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये Sent नावाच्या खणात. म्हणजे पुतण्याच्या फोनमध्ये फोटो, झिप आणि पाठवलेली झिप अशा तीन प्रती, जवळजवळ पावणेसहा जीबी.

आणि चॅटमधली फाईल कायम मिळेल असं धरून चालता येत नाही. ती सर्व्हरवर मुक्कामाला राहत नाही. वेळेत उतरवून घेतली नाही, तर काही आठवड्यांनी तिच्यावर दाबल्यावर पुन्हा पाठवायला सांगा असा निरोप येतो. वर्षभरानं पुरवणी छापायची म्हटली तर चॅटमध्ये मागं सरकत जाऊन काही हाती लागणार नाही.

म्हणून लिंक करायची ठरली. पुतण्यानं कारखान्याच्या जीमेल खात्याच्या ड्राइव्हवर फोल्डर चढवायला लावलं आणि रात्री लिंक पाठवून दिली. सकाळी मी फोल्डर उघडलं, तर त्यात १०३ फोटो. फिल्म नाहीच. लिंक उघडत होती, फोटो स्वच्छ होते, नावं जागच्या जागी होती. मोजले नसते तर फोल्डर पूर्ण आहे असंच वाटलं असतं.

कारण खात्यात सापडलं. गूगल फुकट १५ जीबी देतं, पण ती जागा मेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून आहे. अँड्रॉइड फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आधी या हिशेबात नव्हता, तो २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. पुतण्याच्या फोनवर हेच खातं होतं. बॅकअप ७ जीबीचा झालेला, फोटोज ५ जीबी, मेल आणि इतर पावणेदोन. उरली जागा सव्वा जीबी, आणि चढवायचं होतं ३ जीबी. जागा भरली तिथं चढवणं थांबलं.

म्हणजे चॅटमध्ये वर्षानुवर्षं आलेले फोटो आणि फिल्मा बॅकअपमधून ड्राइव्हच्या जागेवर येऊन बसल्या होत्या आणि आता लिंकला जागा देत नव्हत्या. चॅट किंवा ड्राइव्ह अशी निवड करताना लोक ही दोन वेगळी गोदामं समजतात. पुतण्याच्या खात्यात ते एकच गोदाम होतं.

यातली खरी काळजीची गोष्ट कॅटलॉगची नव्हतीच. गूगलची जागा पूर्ण भरली की त्या खात्यावर मेल यायची थांबते. कारखान्याचे बँकेचे मेल, जीएसटीचे मेल, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी याच खात्यावर येतात. हे कळल्यावर हिशेबनीसांनी आधी तेच बघायला लावलं, आणि मला ते योग्य वाटलं. पुतण्यानं ड्राइव्हवर अर्धवट चढलेलं फोल्डर काढलं, पण जागा सुटली नाही. ड्राइव्हमध्ये काढून टाकलेली फाईल ३० दिवस कचरापेटीत राहते आणि तोपर्यंत तिची जागा मोजली जाते. कचरापेटी रिकामी केली तेव्हा मेलला मोकळा श्वास मिळाला. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजची यादी उघडून मोठ्या फाईली काढल्या आणि बॅकअपमध्ये व्हिडिओ घेणं बंद केलं.

तोवर छायाचित्रकारानं मदत म्हणून त्याच्याकडची एक लिंक दिली होती. ती गूगल फोटोजच्या अल्बमची निघाली. त्याच्या खात्यात `Storage saver` चालू होतं. त्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो आणि दाबला जातो. आमचे फोटो २४ मेगापिक्सेलचे. पिक्सेलच्या हिशेबानं ते छपाईला पुरले असते, रुंदीत ३२०० च्या वर राहिले असते. पण मूळ हाताशी असताना दाबलेली प्रत का घ्यावी? आणि गूगल फोटोजची लिंक व ड्राइव्हची लिंक या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणाकडूनही लिंक घेताना आधी विचारून घ्यावं.

त्यानंतर छायाचित्रकार म्हणाला, "माझ्या ड्राइव्हवर टाकतो की, माझ्याकडं जागा हाय." यावर आमचं बरंच बोलणं झालं. ड्राइव्हमध्ये शेअर केलेली फाईल फक्त मालकी असलेल्या खात्याची जागा खाते. ज्यांना लिंक मिळाली त्यांच्या खात्यात तिची काहीच जागा लागत नाही, जोवर ते `Make a copy` करत नाहीत. हा लिंकचा मोठा फायदा आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की फाईलचं आयुष्य त्या एका खात्याच्या हातात असतं. छायाचित्रकार दर लग्नसराईनंतर ड्राइव्ह मोकळा करतो, त्याला करावाच लागतो, पुढच्या कामाचे फोटो ठेवायचे असतात. त्यानं काढलं की आमची लिंक मेली. यात त्याचा दोष काहीच नसता. म्हणून ज्याला पुढच्या वर्षी हे फोटो लागणार आहेत त्याच्याच खात्यात ते असावेत, असं मी धरून बसलो. ज्याला लागणार आहेत तो कारखाना.

शेवटी कारखान्याच्या नावानं एक वेगळं खातं उघडलं, फक्त डिझाईनच्या फोटोंसाठी. ते फोनमधल्या बॅकअपला जोडलं नाही. कोरे १५ जीबी, त्यात ३ जीबी गेले. हुपरीत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चढवलं असतं तर दोन एमबीपीएसच्या वेगानं फक्त फोटोंनाच दोन तासांच्या वर गेले असते आणि मध्ये तुटण्याची धास्ती वेगळी, म्हणून पुतण्या पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला आणि ब्रॉडबँडवरून अर्ध्या तासात फोटो चढले.

परवानगीवर मालकांचं मत ठाम होतं. डिझाईनची नक्कल हा हुपरीतल्या धंद्यातला रोजचा धाक आहे. लिंक ग्रुपवर टाकायची आणि `Anyone with the link` ठेवायचं म्हणजे ती लिंक कुठंही पुढं गेली तरी मोठ्या आकाराचे फोटो कुणालाही मिळणार, ज्यावरून साचा करता येईल इतके स्पष्ट. म्हणून फोल्डर `Restricted` ठेवलं आणि माझा व प्रेसचा अशा दोन मेल पत्त्यांना फक्त बघण्याची व उतरवण्याची परवानगी दिली. याचाही एक त्रास निघाला. प्रेसमधला संगणक दुसऱ्याच जीमेलवर लॉग-इन होता, त्यामुळं त्याला `Request access` असं पान दिसलं. त्यानं विनंती पाठवली, ती गेली नव्या खात्याच्या मेलवर, जे मेल अजून कुणी बघत नव्हतं. पुतण्याला फोन करून मिटलं. लिंक मिळूनही उघडत नाही असं कुणी म्हणालं की संगणकावर उजवीकडं वर कुठलं खातं दिसतंय, हे आधी विचारावं. निम्म्याहून जास्त वेळा तिथंच घोळ असतो.

चॅटवर टाकलेली फाईल मात्र अशी आवरता येत नाही. सगळ्यांसाठी काढून टाकण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची, आणि तोवर कुणी उतरवून घेतली असेल तर ती त्याच्याकडेच राहते. ड्राइव्हवरून उतरवलेली प्रतही परत घेता येत नाही, हे खरं आहे. पण कुणाला उतरवू द्यायचं हे निदान आधी ठरवता येतं.

प्रेसच्या पोराला दोन गोष्टी सांगून ठेवल्या. एक म्हणजे, ड्राइव्हमध्ये फोटो उघडून त्यावर उजवं बटण दाबून जतन करायचा नाही. समोर दिसतो तो फक्त नमुना असतो, लहान केलेला. डाउनलोड दाबायचं, तेव्हाच मूळ फाईल येते. दुसरी म्हणजे, पूर्ण फोल्डर उतरवलं की ड्राइव्ह त्याची झिप करतं, आणि मोठं असेल तर दोन-तीन झिप करतं. त्यातली एखादी राहून जाते आणि फोल्डर तरीही व्यवस्थित दिसतं. १६० मोजायचे, मगच कामाला लागायचं. त्याच्याकडे दोन झिप आल्या, १६० भरले. दुसरं प्रूफ निघालं तेव्हा मालकांनी भिंग मागवून घेतलं आणि पैंजणाच्या कडेचे घुंगरू खरोखर मोजले.

आता चॅटची बाजू. या सगळ्यावरून चॅट वाईट असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा होईल, कारण याच कामात निम्मी देवाणघेवाण चॅटवरच झाली आणि ती तिथंच व्हायला हवी होती. कारागिरांना कुठलं डिझाईन कुठल्या पानावर आलंय हे दाखवायला दाबलेले फोटोच टाकले. उत्तर दोन मिनिटांत यायचं, आणि त्यांच्या फोनला भार नव्हता. पानांचे नमुने, "हा फोटो वर घ्या, तो खाली घ्या" हे सगळं चॅटवर. तीन मिनिटांची फिल्म व्यापाऱ्यांना फोनवरच बघायची होती. ती चॅटमध्ये व्हिडिओ म्हणून गेली आणि लहान पडद्यावर नीट दिसली. व्यापाऱ्याला १.१ जीबीची लिंक देऊन दुकानात गिऱ्हाईक समोर असताना उतरवायला लावणं म्हणजे त्यानं ती न बघण्याची सोय करणं. मूळ फोर-के फिल्म फोल्डरमध्ये राहिली, पुढं मोठ्या पडद्यासाठी लागली तर.

छापायची पीडीएफ ४०० एमबीच्या आसपास झाली, ती फोल्डरमधून प्रेसला. त्याच पानांची इंचामागं १५० पिक्सेलची हलकी पीडीएफ ९ एमबीची झाली, ती व्यापाऱ्यांना चॅटवर डॉक्युमेंट म्हणून. फोनवर बोटांनी मोठं करून बघितलं तरी नक्षी कळते, पण त्यावरून साचा करण्याइतकं त्यात नाही. इथं कमी दर्जा हाच मालकांना हवा होता.

मजुरीचा तक्ता मात्र चॅटवर टाकायचा नाही असं ठरलं. मजुरीचे दर वर्षातून बदलतात, आणि एकदा पीडीएफ म्हणून ग्रुपवर गेलेला तक्ता जुना झाला तरी फिरतच राहतो. एखादा व्यापारी सहा महिन्यांपूर्वीचा कागद दाखवून त्याच दरानं माल मागतो, आणि वाद होतो. त्याऐवजी तक्ता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, नेहमीच्या व्यापाऱ्यांना लिंक दिली आणि पुतण्याला `Manage versions` मधून नवी प्रत चढवायला शिकवलं. लिंक तीच राहते, उघडल्यावर दिसतो तो चालू तक्ता. जुनी प्रत मागं ३० दिवस राहते, चुकून वेगळाच कागद चढला तर परत घेता येते.

नव्या खात्याची एक अडचण शिल्लक आहे आणि ती मी मालकांना लिहून दिली आहे. जे खातं दोन वर्षं कुणी वापरलं नाही ते गूगल, त्यातल्या फाईलींसकट, काढून टाकू शकतं. फक्त फोटोंसाठी उघडलेलं खातं नेमकं असंच पडून राहण्याची भीती जास्त. शिवाय पासवर्ड एकट्या पुतण्याला माहीत होता. आता परत मिळवण्यासाठी मालकांचा नंबर त्या खात्याला जोडलाय, मजुरीचा तक्ता याच खात्यात ठेवल्यामुळं ते वर्षातून काही वेळा तरी उघडलं जातं, आणि १६० फोटोंची एक प्रत हार्ड डिस्कवर हिशेबनीसांच्या कपाटात आहे. दिवाळीनंतरच्या नव्या डिझाईनचे फोटो पुतण्या त्याच फोल्डरमध्ये चढवतोय, आणि ग्रुपवर आता फक्त नंबर येतात.